रात्रपाळीचं पाणी: एका गेम जॅमचा मागोवा

एप्रिल 2020 मधल्या ‘लुडम डेअर’चा विषय होता ‘जिवंत ठेवा’. त्यात एकट्याने उतरलं तर 48 तास मिळतात, गटाने उतरलं तर 72. लॉकडाऊनमुळे मी जळगावात अडकलो होतो आणि चित्रं काढणारा मित्र धुळ्यात, तरीही गटातून उतरलो. विषय कळल्यावर फार शोधावं लागलं नाही. एप्रिलच्या उन्हात केळी जगवणं म्हणजे काय, हे जळगावकराला कोण शिकवणार?

खेळ साधा ठेवला. एक पंप, ठिबकचे चार प्लॉट, चार व्हॉल्व्ह. दोन उघडले तर दोन्हीकडे पाणी पुरतं. तिसरा उघडला की दाब पडतो आणि शेवटच्या प्लॉटला थेंबही मिळत नाही. खेळणाऱ्याच्या हातात एवढंच. मित्राने हौसेने रानडुकरं काढली होती, ती शनिवारी रात्रीच बाद केली. तो रुसला, पण खेळ त्यामुळेच वेळेत पुरा झाला. त्याने पानांच्या तीन अवस्था मात्र अशा काढल्या की ओल दाखवायला आकड्याची गरजच उरली नाही.

फसलं ते दोन ठिकाणी. मध्येच वीज गेली की पंप बंद आणि पडदा काळा, असं आम्ही ठेवलं होतं. रात्रीची थ्री-फेज ज्यांना ठाऊक, ते हसले. परदेशातल्यांना वाटलं, खेळच बंद पडला. त्यांनी पान रिफ्रेश केलं. स्टार्टरवरचा दिवा आधी दोनदा लुकलुकवला असता, तरी भागलं असतं.

दुसरी गोष्ट लवकर उमगेना. कुणी म्हणे खेळ फारच सोपा, कुणी म्हणे अशक्य. मधलं कुणीच बोलेना. अडचण वाढवा की कमी करा, यावर आमचा वाद रंगला, आणि तो वादच चुकीचा होता. एकाच खेळाबद्दल इतकी टोकाची मतं आली, तर आधी यंत्रांतला फरक पाहावा. ओल अशी घटत होती:

```
ol -= 0.05         # दर फ्रेमला
ol -= 3.0 * delta  # असं हवं होतं
```

साठ फ्रेमच्या पडद्यावर सेकंदाला 3 ओल जाते, म्हणजे शंभर ओलीचा प्लॉट 33 सेकंदांत वाळतो. 144 हर्ट्‌झच्या मॉनिटरवर तोच 14 सेकंदांत संपतो, आणि धापा टाकत 30 फ्रेम काढणाऱ्या जुन्या लॅपटॉपवर मिनिटाहून जास्त टिकतो. आमचे दोन्ही लॅपटॉप साठचे, त्यामुळे आम्हाला खेळ कायम बेताचाच वाटला. `delta` म्हणजे मागच्या फ्रेमपासून गेलेला वेळ. त्याने गुणलं की यंत्र कुठलंही असो, केळी सारख्याच वेळात वाळते.

हे पकडायला महागडा मॉनिटर लागत नाही. गोदोमध्ये `Engine.max_fps = 30` लिहून खेळ चालवायचा, सगळे व्हॉल्व्ह बंद ठेवायचे आणि मोबाइलच्या स्टॉपवॉचवर प्लॉट वाळायला लागणारे सेकंद मोजायचे. मग ती ओळ काढून पुन्हा मोजायचं. आता खेळ पाठवण्याआधी हे काम धुळ्याकडे असतं. रानडुकरं परत आणायची का, यावर अजून एकमत नाही.