बी विंग, शनिवार, सकाळी ११

आमच्या सोसायटीत स्ट्रक्चरल ऑडिटच्या तपासणीला इंजिनिअर आले, तेव्हा आमच्या विंगमधल्या २४ घरांपैकी ९ घरांना कुलूप होतं. मेल सगळ्यांना गेला होता. तो मीच लिहिला होता, त्यामुळे ही चूक कुठे झाली हे शोधणंही माझ्याकडेच आलं. संध्याकाळी मी शेजारच्या काकूंचा फोन हातात घेतला आणि तो मेल त्यांच्या नजरेने वाचला.

मेलच्या यादीत विषयाची ओळ दिसत होती : ‘अत्यंत महत्त्वाचे : सर्व सभासदांसाठी…’ पुढचं कापलं गेलं होतं. फोन उभा धरला की विषयाचे जेमतेम पाच-सहा शब्द मावतात, आणि काकूंसारखी अक्षरं मोठी करून ठेवली असतील तर त्याहूनही कमी. त्याखालच्या फिकट ओळीत मेलचा पहिला मजकूर दिसतो. तिथे होतं, ‘स.न.वि.वि., उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळविण्यात येते की’. म्हणजे न उघडता मेलचं जेवढं दिसतं, त्यात ना वार होता, ना वेळ. उघडल्यावर तीन परिच्छेद, आणि सगळ्यात खाली एक्सेलमधून चिकटवलेला तक्ता. त्याचा वेळेचा रकाना उजवीकडे स्क्रीनबाहेर गेला होता. बोटाने सरकवल्याशिवाय तो दिसतच नव्हता, आणि तिथे काही आहे हे कळायलाही मार्ग नव्हता.

ठळक अक्षरं मात्र मी भरपूर वापरली होती. तारीख ठळक, इंजिनिअरच्या फर्मचं नाव ठळक, ‘सहकार्य करावे’ ठळक, ‘अन्यथा समिती जबाबदार राहणार नाही’ तर लाल आणि ठळक. डोळा चार ठिकाणी थांबत होता आणि सर्वांत जास्त त्या लाल धमकीवर.

एकच गोष्ट ठळक करायची तर कुठली, हे ठरवण्यासाठी मी आता स्वतःला एक प्रश्न विचारते : वाचणाऱ्याच्या लक्षात फक्त एकच गोष्ट राहिली, तर कुठल्या गोष्टीने काम होईल? तपासणीला इंजिनिअर घरीच येणार, त्यामुळे जागा सांगायची गरज नाही. का येणार हे चुकलं तरी बिघडत नाही. बिघडतं ते त्या दोन तासांत दार बंद असलं तर. सभेची जागा बदलली असेल आणि वेळ तीच असेल, तर ठळक व्हायला हवी ती जागा, वेळ नव्हे.

राहिलेल्या घरांसाठी दुसरा मेल असा गेला :

विषय : बी विंग तपासणी, शनि. २० जून, सकाळी ११

घरी कुणीतरी हवं : शनिवार २० जून, सकाळी ११ ते दुपारी १

इंजिनिअर बाथरूम आणि बाल्कनीतली गळती पाहतील. एका घराला साधारण १५ मिनिटं लागतील.

या वेळेत घरी कुणी नसेल, तर गुरुवार १८ जूनपर्यंत या मेलला फक्त ‘नाही’ असं उत्तर द्या.

वेळ तीनदा नव्हे, पण दोनदा आली आहे, आणि ते मुद्दाम. फोनवर वर सरकून येणाऱ्या सूचनेत किंवा मेलच्या यादीत आपण दिलेला ठळकपणा दिसत नाही, तिथे सगळी अक्षरं फोनच्या मर्जीने दिसतात. म्हणून ठळक करायची गोष्ट आधी विषयात आणि मग पहिल्याच ओळीत हवी. रंगावर तर भिस्त ठेवूच नये. डार्क मोडमध्ये रंग बदलतात आणि काहींना लाल वेगळा ओळखूही येत नाही.

तक्ता काढून टाकला. प्रत्येक विंगला तिच्यापुरता मेल गेला. पाठवणाऱ्याला चार मेल लिहावे लागतात, पण वाचणाऱ्याला दुसऱ्यांच्या वेळांतून स्वतःची शोधावी लागत नाही.

शब्दांचीही काळजी घ्यावी लागते. ‘उद्या’ लिहिलेला मेल कुणी दुसऱ्या दिवशी उघडतो. ‘परवा’ तर मराठीत मागेही जातो आणि पुढेही. ‘येत्या शुक्रवारी’ म्हणजे याच आठवड्यातला की पुढच्या, यावरून घरातही वाद होतात. वार आणि तारीख दोन्ही दिले की एकात चूक झाली तरी दुसऱ्यामुळे ती लगेच लक्षात येते. आणि नुसतं ‘१२ वाजता’ न म्हणता ‘दुपारी १२’ म्हणावं.

वेळ बदलली तर जुन्याच मेलला उत्तर देऊन कळवायचा मोह होतो. तसं केलं की विषयाच्या ओळीत जुनी वेळ तशीच राहते, आणि यादीत लोक तीच वाचतात. नवा मेल, नवा विषय : ‘बदल : ११ ऐवजी दुपारी ४, शनि. २० जून’.

सगळंच इतकं आखूड करता येत नाही. वार्षिक सभेच्या सूचनेला कार्यक्रमपत्रिका लागतेच. ती जोडपत्रात जाते, पण वार आणि वेळ कळायला ते उघडावं लागू नये.

पाठवण्याआधी मी आता प्रत्येक मेल स्वतःलाच पाठवते, फोन टेबलावर ठेवते आणि तो न उचलता वेळ दिसते का ते बघते. २० जूनला दोन घरांनी आधीच ‘नाही’ कळवलं होतं. त्यांना रविवारची वेळ दिली. बाकीची सातही दारं उघडी होती.