न हलणारा आकडा

आपल्याकडे येणारा पेशंट बरा होतोय की बिघडतोय, हे थेरपिस्टला कळत असेलच, असं आपण धरून चालतो. अमेरिकेत मायकेल लॅम्बर्ट यांच्या गटाने २००५ साली हे तपासलं. साडेपाचशे पेशंटांपैकी ४० जण उपचारानंतर आधीपेक्षा वाईट अवस्थेत होते. कोण बिघडेल, हे थेरपिस्टना आधीच विचारलेलं. सगळ्यांनी मिळून फक्त तिघं सांगितले आणि त्यातला एकच बरोबर निघाला! दर भेटीला भरलेल्या प्रश्नावलीच्या आकड्यांनी मात्र त्या ४० जणांपैकी बहुतेकांना वेळीच हेरलं होतं.

आता समजा, केजमध्ये एक समुपदेशक बसते आहे. तिला हवी छोटी, फुकट आणि वाचून दाखवता येईल अशी प्रश्नावली. पीएचक्यू-९ तशी आहे. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज जास्तीत जास्त २७. काम पाच मिनिटांचं. गोव्यात संगाथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या प्रशिक्षित समुपदेशकांकडून नैराश्यावर उपचार करवले, तेव्हाही हीच प्रश्नावली वापरली होती.

ऊसतोडीहून परतलेली एक बाई तिच्याकडे येते. चार भेटींचे गुण: १७, १६, १७, १८. एखाद-दोन गुणांची हालचाल म्हणजे काहीच नाही, निदान पाच गुणांनी खाली आलं तर फरक पडला म्हणायचं. बाई मोकळेपणाने बोलते, वेळेवर येते, त्यामुळे समुपदेशकाला सगळं छान चाललंय असंच वाटत होतं. ती गुणांचा कागद बाईसमोर ठेवते. "ताई, आकडा हलत नाही. माझं काही चुकतंय का?"

बराच वेळ गप्प राहून बाई म्हणते, "तुम्ही संध्याकाळी बचत गटाला जा म्हणाला होतात. घरातून निघताच येत नाही. तुम्हाला सांगायची लाज वाटली."

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो हा क्षण. आकड्याने उपचार केला नाही, पण चार भेटींत न विचारलेला प्रश्न विचारायला लावला. गटाऐवजी सकाळी शेजारणीकडे जायचं ठरलं. पुढचे गुण १४, मग ११. अशा अडकलेल्या पेशंटांनाच दर भेटीला आकडा पाहण्याच्या या पद्धतीचा जास्त उपयोग होतो. ज्यांचं सुरळीत चाललंय त्यांच्यात फारसा फरक पडत नाही. आणि कागद न बघता फाइलला लावला, तर कुणालाच उपयोग नाही.

आकडा फसवतोही. झोप आणि थकव्याचे प्रश्न पहाटे फडात उतरणाऱ्या बाईला विचारले, तर थोडे गुण मनाचे आणि थोडे कोयत्याचे मिळतात. म्हणून बेरजेसोबत कुठला प्रश्न किती बदलला, हेही पाहायचं. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं, तर बेरीज बाजूला ठेवून त्याच भेटीत त्याबद्दल सरळ विचारायचं.