शून्य पेट्या की रिकामा रकाना?

समजा, रत्नागिरीचा एक आंबा व्यापारी पुणे, मुंबई आणि नागपूर इथे पेट्या पाठवतो. तिन्ही शहरांचे आकडे रोज पहाटे आपोआप रिफ्रेश होऊन एक्सेलच्या डॅशबोर्डवर येतात. मार्चची विक्री फेब्रुवारीपेक्षा किती टक्क्यांनी बदलली, हे एका चौकटीत दिसतं.

नागपूरला फेब्रुवारीत एकही पेटी गेली नाही, मार्चमध्ये 140 गेल्या. टक्केवारी काढताना मागच्या आकड्याने भागावं लागतं आणि शून्याने भागता येत नाही, म्हणून चौकटीत `#DIV/0!` येतं. ते डोळ्यांना खुपतं, म्हणून बरेच जण सूत्राला `IFERROR` लावून त्रुटीच्या जागी 0 दाखवतात. मग चौकट सांगते ‘0%’, म्हणजे काहीच बदललं नाही! त्रुटीपेक्षा हे जास्त घातक, कारण त्यावर कुणी शंकाच घेत नाही. तिथे ‘मागे शून्य’ असं लिहून शेजारी 140 हा आकडाच दाखवावा.

मुंबईची गोष्ट वेगळी. तिथे फेब्रुवारीत विक्री झाली होती, पण त्या महिन्याची फाइल रिफ्रेशच्या वेळी पोहोचलीच नाही. रकाने रिकामे राहिले, आणि रिकाम्या रकान्यांची `SUM` एक्सेल 0 देतं. म्हणजे न आलेली माहिती आणि न झालेली विक्री एकसारखीच दिसू लागली. एकूण विक्रीच्या चौकटीत तर त्रुटीही उमटत नाही. पुण्याच्या पेट्या 200 वरून 260 झाल्या, म्हणजे 30% वाढ. त्यात मुंबईच्या मार्चमधल्या 300 आणि नागपूरच्या 140 मिळवल्या की 200 वरून थेट 700, म्हणजे 250% वाढ. अशी अचानक उसळी दिसली की आधी मागचा महिना पुरा आला आहे का, ते बघावं.

त्यासाठी बेरजेआधी नोंदी मोजाव्यात. `COUNT` लिहिलेलं 0 मोजतं, रिकामा रकाना मोजत नाही. एका शहरासाठी C मध्ये फेब्रुवारीचे 28 दिवस आणि D मध्ये मार्चचे 31 दिवस असतील, तर:

```
=IF(OR(COUNT(C2:C29)<28,COUNT(D2:D32)<31),"माहिती अपुरी",
 IF(SUM(C2:C29)=0,"मागे शून्य",
 SUM(D2:D32)/SUM(C2:C29)-1))
```

तपासणीचा क्रम उलटा केला, तर मुंबईही ‘मागे शून्य’ ठरेल. एकूण विक्रीच्या चौकटीत ‘माहिती अपुरी’ असलेलं शहर दोन्ही महिन्यांतून वगळावं आणि तसं तिथेच लिहावं. मुंबई वगळली की 200 वरून 400, म्हणजे 100%. नाकारलेल्या पेट्या भागिले विकलेल्या पेट्या अशा गुणोत्तराच्या चौकटीलाही हाच नियम लावावा.

एक गोष्ट मात्र या सूत्राच्या हाती नाही. फाइल आणणारी व्यवस्थाच रिकाम्या जागी 0 भरत असेल, तर `COUNT` पूर्ण भरतो आणि फसवणूक कळत नाही. म्हणून विक्री न झालेल्या दिवशी 0 लिहायचं आणि माहिती नसेल तर रकाना मोकळा ठेवायचा, हे आकडे भरणाऱ्याशी आधीच ठरवावं लागतं.