'सेंड' दाबण्याआधी...

क्लायंटच्या घरी कुणी गेलं, की एरवी फटाफट मेल टाकणाऱ्यांचीही बोटं की-बोर्डवर अडतात. जवळीक दाखवली तर आगाऊपणा, फॉर्मल लिहिलं तर थेट सरकारी नोटीस! मग करायचं काय, बॉस?

माझी एक मैत्रीण ॲड एजन्सीत क्लायंट सर्व्हिसिंगला आहे. तिच्या क्लायंट मॅडमचे वडील गेले. कळलं सोमवारी आणि प्रेझेंटेशन गुरुवारी. तिने मला ड्राफ्ट दाखवला: 'भावपूर्ण श्रद्धांजली. तुमचं दुःख मी समजू शकते. काहीही मदत लागली तर सांगा. गुरुवारच्या मीटिंगचं तेवढं प्लीज कळवा.'

कॉफी पिता पिता आम्ही एकेक ओळ तपासली. श्रद्धांजली वाहतात ती गेलेल्या माणसाला. मेल तर त्यांची मुलगी वाचणार. तिचं करायचं ते सांत्वन. 'दुःख समजू शकते' हा दावाही जरा मोठाच, कारण वडिलांना ही कधी भेटलेलीच नव्हती. 'काहीही लागलं तर सांगा' म्हणजे काय मागायचं हे शोधायचं काम पुन्हा मॅडमकडेच. आणि शेवटच्या ओळीने वरच्या तिन्ही ओळींवर पाणी फिरवलं.

शेवटी मेल गेला तो असा:

'मॅडम, तुमचे वडील गेल्याचं आज तुमच्या ऑफिसमधून कळलं. फार वाईट वाटलं. गुरुवारचं प्रेझेंटेशन आम्ही पुढे ढकललं आहे. तातडीचं काही आलं तर तुमच्या टीमशी बोलून घेऊ. या मेलला उत्तर देण्याची गरज नाही. तुमच्या आणि घरच्यांच्या दुःखात सहभागी आहे.'

विषयाच्या जागी फक्त 'तुमच्या वडिलांबद्दल कळलं'. कशाने गेले, वय काय, हे विचारलं नाही. 'आत्म्यास शांती लाभो'ही टाळलं, कारण समोरच्याची श्रद्धा आपल्याला ठाऊक असतेच असं नाही. 'प्रेझेंटेशन पुढे ढकललं' ही मात्र खरीखुरी मदत, म्हणूनच कामाचा तेवढाच उल्लेख चालतो. पण ते आधी बॉसशी आणि मॅडमच्या टीमशी बोलून ठरवायचं, मगच लिहायचं.

आता खरी गोची मेलच्या बाहेर असते. जुन्या बिलाच्या मेलवर 'रिप्लाय' मारलात, तर सांत्वनाच्या वर 'पेमेंट पेंडिंग' झळकणार! म्हणून नवा मेल उघडा, सीसीत कुणालाही ठेवू नका आणि सिग्नेचरखालचा ऑफरचा बॅनर काढा. अकाउंट्सवाल्यांना सांगून पेमेंटचा रिमाइंडरही थांबवा.

आणि कामाचं पुन्हा कधी बोलायचं? अनेक घरांत तेराव्यापर्यंत विधी चालतात, पण काही जण चौथ्याच दिवशी ऑफिसला येतात. म्हणून तारखा मोजू नका, मॅडम कधी येणार ते त्यांच्या टीमला विचारा. त्या आल्यावर पहिल्या मेलमध्ये 'घरी सगळे सावरताहेत ना?' एवढी एकच ओळ लिहा आणि सरळ कामाकडे वळा. पुन्हा सांत्वन नको. भर ऑफिसात डोळे पुसायला कुणालाच आवडत नाही.