जुना फ्रिज विकताना: वय, लिटर, कॉम्प्रेसर आणि जिना

जुन्या फ्रिजच्या जाहिरातीत बहुधा 'उत्तम स्थितीत, तातडीने विकणे' एवढेच लिहिलेले असते आणि सोबत समोरून काढलेला एक फोटो असतो. घेणाऱ्याला हवी ती माहिती या दोन्हींत नसते. फ्रिज किती जुना, किती लिटरचा, त्याचा कॉम्प्रेसर कसा चालतो आणि तो कोणत्या मजल्यावरून उतरवायचा, या चार गोष्टींवर सौदा ठरतो. पहिल्या तीन निदान विचारल्या तरी जातात. चौथी अनेकदा हमाल दारात येऊन उभे राहिल्यावरच कळते.

वय खरेदीच्या तारखेवरून नव्हे, बनावटीच्या तारखेवरून सांगावे. दुकानात वर्षभर पडून राहिलेला फ्रिज बिलावर एक वर्षाने तरुण दिसतो. फ्रिजच्या आतल्या भिंतीवर किंवा पाठीमागे मॉडेल आणि अनुक्रमांकाचे स्टिकर असते. बनावटीचा महिना आणि वर्ष बहुतेक वेळा तिथेच सापडते. त्याचा स्पष्ट फोटो जाहिरातीत दिला तर निम्मे प्रश्न आपोआप मिटतात. वीजबचतीच्या ताऱ्यांबाबत मात्र जपून लिहावे. ताऱ्यांचे निकष वेळोवेळी कडक होत गेले आहेत, त्यामुळे दहा वर्षांपूर्वीचा पंचतारांकित फ्रिज आजच्या मोजमापाने पाच ताऱ्यांचा राहत नाही. लेबलवर वर्षाला लागणाऱ्या युनिटचा आकडा छापलेला असतो, तो ताऱ्यांपेक्षा जास्त उपयोगी आहे.

क्षमता लिटरमध्ये लिहितात, पण नुसत्या लिटरवरून घेणाऱ्याच्या स्वयंपाकघरात फ्रिज मावेल का, हे कळत नाही. उंची, रुंदी आणि खोली टेपने मोजून द्यावी. शिवाय तो सिंगल डोअर डायरेक्ट कूल आहे की डबल डोअर फ्रॉस्ट फ्री, हेही सांगावे. पहिल्या प्रकारात बर्फ साचतो आणि तो अधूनमधून वितळवावा लागतो, दुसऱ्यात तो आपोआप वितळतो.

सगळ्यात जास्त शंका कॉम्प्रेसरबद्दल असते आणि ती रास्तही आहे. कॉम्प्रेसर पूर्ण बंद पोलादी डब्यात असतो. बिघडला की घरगुती दुरुस्ती होत नाही, बदलावाच लागतो, आणि जुन्या फ्रिजमध्ये तो खर्च अनेकदा फ्रिजच्या किमतीच्या जवळ जातो. चांगल्या स्थितीतला साधा कॉम्प्रेसर काही वेळ चालतो, आतला गारवा पुरेसा झाला की थांबतो आणि पुन्हा सुरू होतो. मे महिन्याच्या उकाड्यात तो जास्त वेळ चालतो, पण कधीच थांबत नसेल तर दाराचे रबर सैल झालेले असू शकते, थर्मोस्टॅट बिघडलेला असू शकतो किंवा गॅस कमी झालेला असू शकतो. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरला ही कसोटी लावू नये. तो मंद गतीने दीर्घकाळ चालण्यासाठीच बनवलेला असतो. काही सेकंद गुणगुण, मग 'टक्' असा आवाज, नंतर शांतता आणि दोन-तीन मिनिटांनी पुन्हा तेच, असा क्रम ऐकू आला तर कॉम्प्रेसर सुरू होऊ पाहतो आहे, पण होत नाही. कधी दोष रिलेचा असतो, तो स्वस्तात बदलतो. रिले बदलूनही तसेच होत असेल तर कॉम्प्रेसरच जाम झाला आहे, असे समजावे.

'गॅस नुकताच भरला आहे' हे वाक्य विक्रेते गुण म्हणून लिहितात. प्रत्यक्षात त्याने घेणाऱ्याने सावध व्हायला हवे. फ्रिजमधला गॅस वापराने संपत नाही, तो बंद नळ्यांतूनच फिरत राहतो. कमी झाला याचा अर्थ कुठेतरी गळती आहे. म्हणून गळती कुठे होती आणि ती कशी बंद केली, हे लिहिणे आवश्यक आहे. गळती फ्रिजच्या भिंतीत दडलेल्या नळीला असेल तर तिथपर्यंत पोहोचणेच अवघड असते आणि भरलेला गॅस काही महिन्यांत पुन्हा जातो. डायरेक्ट कूल फ्रिजमध्ये बर्फ सुरीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडताना फ्रीझरच्या पत्र्याला भोक पडणे हे गळतीचे नेहमीचे कारण आहे. अशा फ्रिजमध्ये बर्फ सगळीकडे सारखा धरतो का, ते पाहावे. एकाच कोपऱ्यात बर्फ आणि बाकी पत्रा कोरडा असेल तर गॅस कमी आहे.

यामुळेच फ्रिज पाहायला येणाऱ्याला तो चालू स्थितीत दाखवावा, तोही आदल्या रात्रीपासून चालू ठेवून. धूळ पुसून बंद ठेवलेल्या फ्रिजवरून काहीच कळत नाही.

आता जिना. महाराष्ट्रातल्या शहरांत लिफ्ट नसलेल्या तीन-चार मजली जुन्या इमारती अजून पुष्कळ आहेत. तिथे मजला ही किमतीतलीच बाब ठरते, कारण हमाल मजल्यानुसार पैसे सांगतात. केवळ 'तिसरा मजला' लिहून भागत नाही. जिना सर्वांत अरुंद कुठे आहे, वळणावर कठडा किंवा ग्रिल आहे का, घराचे सेफ्टी डोअर पूर्ण उघडते का, हे मोजून सांगावे. अडचण सहसा सरळ पायऱ्यांवर येत नाही, ती वळणावर आणि दारात येते. डबल डोअर फ्रिज अशा ठिकाणी दारे काढून उतरवावा लागतो. ते काम हमालाचे नव्हे, मेकॅनिकचे आहे आणि त्याची वेळ आधी ठरवावी लागते.

एक नमुना पाहू:

'सिंगल डोअर, डायरेक्ट कूल, 190 लिटर. बनावट मार्च 2018, बिल आहे. कॉम्प्रेसर मूळचाच, इन्व्हर्टर नाही. गॅस कधी भरलेला नाही. दाराचे रबर 2023 मध्ये बदलले. खाली डाव्या कोपऱ्यात गंज, फोटो दिला आहे. फ्रिज चालू आहे. तिसरा मजला, लिफ्ट नाही, 57 पायऱ्या, जिना 34 इंच रुंद, प्रत्येक मजल्याला एक वळण. टेम्पो दारापर्यंत येतो. किंमत 5,000, हमाली घेणाऱ्याची.'

यात गंजाचा उल्लेख आहे, तरी जाहिरात कमजोर होत नाही. घेणाऱ्याला तो प्रत्यक्ष पाहून धक्का बसत नाही. समजा उतरवायचे 900 रुपये आणि टेम्पोचे 800 रुपये झाले, तर घेणाऱ्याला फ्रिज 6,700 रुपयांना पडतो. तोही दुसऱ्या मजल्यावर राहत असेल तर चढवण्याचे पैसे वेगळे. हा हिशेब त्याला घरबसल्या करता आला, तर दारात उभे राहून हजार रुपये कमी करण्याचा आग्रह होत नाही. तळमजल्यावरचा तसाच फ्रिज थोड्या जास्त किमतीला जातो, आणि ते योग्यच आहे.

वॉशिंग मशीनच्या जाहिरातीला हेच चार मुद्दे लागू पडतात, पण तपशील बदलतात. क्षमता किलोमध्ये असते आणि ती कोरड्या कपड्यांची असते. मोटर तपासायची ती पिळण्याच्या वेळी. ड्रम वेगात फिरताना घरघर वाढत गेली तर बेअरिंग झिजले आहे, आणि मोटर नुसती गुणगुणून ड्रम हलत नसेल तर कपॅसिटर किंवा पट्टा पाहावा लागतो. फ्रंट लोड मशीनमध्ये धक्के थोपवण्यासाठी जड वजन बसवलेले असते, म्हणून ते दिसते त्याहून बरेच जड निघते आणि जिन्यासाठी जास्त माणसे लागतात. ड्रम पक्का धरणारे वाहतुकीचे बोल्ट जपून ठेवलेले असतील तर तसे लिहावे.

फ्रिज न्यायच्या दिवशी तो रिकामा करून बंद करावा, ट्रे आणि काचा काढून वेगळ्या बांधाव्यात, दार पट्टीने आवळावे. जिन्यात थोडा कलला तरी चालतो, पण टेम्पोत उभाच ठेवावा. आडवा ठेवला तर कॉम्प्रेसरमधले तेल नळ्यांत उतरते आणि लगेच सुरू केल्यास कॉम्प्रेसरला इजा होऊ शकते. आडवा न्यावाच लागला तर नव्या घरी रात्रभर उभा ठेवून मगच प्लग लावावा.