आवाज बदलला, तरी काय उरतं?

टीव्हीवरच्या शोधबातमीत पडद्यावर काळी आकृती असते आणि आवाज जाड, घोगरा केलेला असतो. बोलणाऱ्याला संरक्षण मिळालं, असं आपण समजतो. प्रत्यक्षात बऱ्याचदा संपूर्ण ध्वनिमुद्रण काही पट्ट्या खाली उतरवण्यापलीकडे काहीच केलेलं नसतं. त्यामुळे दोन नुकसानं होतात. शब्द नीट कळत नाहीत, आणि कुणी तेच मुद्रण तेवढ्याच पट्ट्या वर चढवलं तर मूळ आवाज जवळजवळ जसाच्या तसा परत मिळतो. ज्याने जिवावर उदार होऊन माहिती दिली, त्याच्या बाबतीत हा फारच मोठा धोका आहे.

हे का होतं ते कळायला आवाजाचे दोन भाग वेगळे करून पाहावे लागतात. तंबोऱ्यात तार एक काम करते आणि भोपळा दुसरं. तार कोणत्या स्वराला लावली आहे त्यावर पट्टी ठरते, आणि भोपळ्याच्या आकारावर नादाचा रंग. माणसाच्या गळ्यात स्वरतंतू तारेचं काम करतात. पुरुषात ते सेकंदाला साधारण 100 ते 130 वेळा कंप पावतात, स्त्रीत 200च्या आसपास. ही झाली पिच. स्वरतंतूंच्या वर कंठापासून ओठांपर्यंत जी पोकळी आहे, ती पुरुषात साधारण 17 सेंटिमीटर आणि स्त्रीत 14 ते 15 सेंटिमीटर लांब असते. ही पोकळी काही ठरावीक कंपनसंख्यांना जोर देते. त्या जोर मिळालेल्या जागांना फॉर्मंट म्हणतात. जीभ आणि ओठ हलले की पहिले दोन फॉर्मंट सरकतात आणि त्यांच्यावरूनच आपला कान ‘आ’ आणि ‘ई’ वेगळे ओळखतो. वरचे फॉर्मंट मात्र शब्दांपेक्षा त्या माणसाच्या पोकळीबद्दल अधिक सांगतात.

म्हणजे ओळख दोन्हीकडे आहे. फक्त पिच बदलली आणि फॉर्मंट जागेवर ठेवले, तर ओळखीच्या बाईचा आवाज बसल्यासारखा वाटतो, पण ती बाई लपत नाही. टेप हळू चालवल्यासारखं सगळंच एकत्र खाली ओढलं, तर राक्षसी आवाज येतो आणि स्वर एकमेकांत मिसळू लागतात. म्हणून चांगल्या कामात पिच आणि फॉर्मंट स्वतंत्रपणे आणि बेताने हलवतात.

एक उदाहरण कल्पू. विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयातली परिचारिका औषधखरेदीतल्या गैरव्यवहाराबद्दल पत्रकाराशी बोलली आहे. तिची सरासरी पिच 210 हर्ट्झ आहे. ती आपण 155 हर्ट्झवर आणतो, म्हणजे पेटीवरच्या काळ्या-पांढऱ्या मिळून जवळपास पाच पट्ट्या खाली. हा आकडा निवडण्याचं कारण असं की 150 ते 165 हर्ट्झच्या पट्ट्यात आवाज पुरुषाचा की बाईचा हे कानाला पटकन ठरवता येत नाही. तिचे फॉर्मंट 0.88 पटीला आणतो, म्हणजे तिची पोकळी जणू एक-दोन सेंटिमीटर लांब झाली. आवाजाच्या चढउताराचा पल्लाही मूळच्या सत्तर टक्क्यांवर आणतो, कारण काही माणसं वाक्याच्या शेवटी आवाज कसा उचलतात त्यावरूनच ओळखू येतात. अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पाउल बोर्स्मा आणि डेव्हिड वीनिंक यांनी बनवलेल्या ‘प्राट’ या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे सगळं एका आज्ञेत होतं:

```
Change gender: 100, 500, 0.88, 155, 0.7, 1.0
```

पहिले दोन आकडे सांगतात की पिच कोणत्या मर्यादेत शोधायची. मग येतात फॉर्मंटचं गुणोत्तर, पिचचा नवा मध्यक, चढउताराचा पल्ला, आणि शेवटी बोलण्याचा वेग, जो इथे बदललेला नाही.

0.88च का, 0.65 का नको? स्त्रीच्या ‘आ’चे पहिले दोन फॉर्मंट साधारण 850 आणि 1200 हर्ट्झच्या आसपास असतात. 0.88ने ते 750 आणि 1050च्या जवळ येतात आणि ऐकणाऱ्याला तो ‘आ’च वाटतो. 0.65ने मात्र ते 550 आणि 780वर उतरतात, आणि तिथे ‘ओ’चं राज्य सुरू होतं. ‘काम’ हे ‘कोम’सारखं ऐकू येऊ लागतं. व्यंजनांचंही तसंच आहे. ‘स’ची सळसळ ‘श’पेक्षा बरीच वरच्या कंपनांत असते. सगळं फार खाली ओढलं की ‘स’ ‘श’च्या दिशेने सरकतो, आणि ‘साल’ म्हटलं की ‘शाल’ हे वाक्याच्या संदर्भावरूनच ठरवावं लागतं. ज्या मुलाखतीत तारखा, औषधांची नावं आणि रकमा आहेत, तिथे हे परवडत नाही.

म्हणून बदल केल्यावर ते मुद्रण विषय माहीत नसलेल्या एका माणसाला ऐकवून लिहून काढायला सांगावं आणि मूळ शब्दांशी ताडून पाहावं. ज्याने मुलाखत घेतली त्याने हे करू नये. त्याला प्रत्येक वाक्य पाठ असतं, म्हणून त्याचा कान गाळलेले शब्दही भरून घेतो. चुका विशेषतः वाक्याच्या शेवटी सापडतात. तिथे आवाज विरतो, करकरीत होतो, सॉफ्टवेअरला कंपनं मोजता येत नाहीत आणि मध्येच एखादं अक्षर फाटतं. कुजबुजलेल्या शब्दांत तर स्वरतंतू नीट कंपच पावत नाहीत, त्यामुळे तिथे पिचचा बदल लागू होत नाही आणि फक्त फॉर्मंट हलतात.

आता धोक्याची बाजू, कारण सगळ्यात घातक चुका संकलनाच्या टेबलावर होतात. मुलाखतीत सहसा दोन माइक असतात. परिचारिकेच्या माइकवरचा आवाज बदलला जातो, पण पत्रकाराच्या माइकमध्येही तिचा आवाज मागून शिरलेला असतो, आणि तो तसाच राहतो. पत्रकार प्रश्न विचारत असताना तिचं मधलं ‘हो, हो’, एखादं हसू, खोकला हे सगळं न बदललेल्या पट्टीवर ऐकू येतं. तपासण्याचा मार्ग सोपा आहे. बदललेली पट्टी पूर्ण बंद करून हेडफोनवर फक्त पत्रकाराची पट्टी सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकायची. ती बोलते त्या सगळ्या जागी ही पट्टी गप्प करायची.

ही कटकट नको म्हणून काही जण दोन्ही आवाज एकत्र करून संपूर्ण फाइलच बदलतात. मग पत्रकाराचा आवाजच किल्ली होऊन बसतो. त्याचा खरा आवाज सगळ्यांना माहीत असतो. तो नैसर्गिक वाटेपर्यंत आकडे फिरवले की परिचारिकेचा आवाजही मूळ जागी येतो. खोलीतला पंखा किंवा ट्यूबलाइट हेच काम करू शकतात. भारतातली वीज 50 हर्ट्झची आहे आणि तिची गुणगुण मुद्रणात उतरते. सगळी फाइल साध्या पद्धतीने पाच पट्ट्या खाली आणली की तीच गुणगुण साडेसदतीस हर्ट्झच्या आसपास दिसते. पन्नासला साडेसदतीसने भागलं की किती खाली ओढलं ते कळतं. म्हणून आधी खालची गुणगुण आणि तिच्या दुपटी-तिपटीच्या जागा गाळायच्या, आणि मग फक्त बोलणाऱ्याच्या पट्टीवर बदल करायचा.

इतकं करूनही 0.88 हा आकडा उलटवता येतोच. हा आकडा माहीत नसला तरी काही डझन शक्यता तपासून संगणक सर्वांत नैसर्गिक वाटणारी शोधू शकतो. आवाजाची ओळख लपवण्याच्या पद्धती तपासण्यासाठी संशोधकांनी 2020 साली ‘व्हॉइसप्रायव्हसी चॅलेंज’ ही स्पर्धा सुरू केली. त्यात एक पद्धत साधी होती. फॉर्मंट एकसारखे न ताणता असमान सरकवणारी ही पद्धत मॅकअ‍ॅडम्स गुणांकावर बेतलेली आहे. बदल झाला आहे हे ज्याला माहीतच नाही, अशा ओळखयंत्रणेला ती बऱ्यापैकी फसवते. पण हल्लेखोराने त्याच पद्धतीने बदललेले आवाज ऐकवून आपली यंत्रणा शिकवली, की संरक्षण बरंच ओसरतं. म्हणजे कुणाकडे तिचा जुना आवाज असेल, विभागीय बैठकीची ध्वनिफीत असेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपवरचा निरोप असेल, आणि त्याला चिकाटी असेल, तर या आकड्यांच्या भरवशावर राहू नये. आपल्याकडे कायदाही हे मानतो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 349 नुसार दंडाधिकारी आवाजाचा नमुना द्यायला लावू शकतात. त्याआधी 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तसा अधिकार मान्य केला होता.

आणि काही ओळखी अशा आहेत, ज्यांना पिचचा आणि फॉर्मंटचा स्पर्शही होत नाही. वऱ्हाडी बोलणाऱ्या परिचारिकेच्या तोंडी ‘शाळा’चं ‘शाया’ आणि ‘डोळा’चं ‘डोया’ होतं. पुण्यातल्या प्रेक्षकाला त्यातून फार तर भाग कळेल, पण तिच्या वॉर्डमधल्या सहकाऱ्याला हे आणि तिचं ‘म्हंजे कसं, सांगते’ एकत्र ऐकू आलं की पिच कितीही खाली गेली तरी उपयोग नसतो. ती किती थांबून बोलते, कोणत्या शब्दाआधी श्वास घेते, आकडे कसे उच्चारते, ही लयसुद्धा तिचीच आहे. सगळं सारख्या प्रमाणात हळू किंवा जलद केलं तरी लय तशीच राहते, फक्त लांबी बदलते. मागे ऐकू येणारी वॉर्डातली घोषणा किंवा ठरावीक वेळी वाजणारी घंटा जागा सांगते, ते वेगळंच.

याला उतारा एकच आहे, तो म्हणजे आवाज न बदलता बोलणाराच बदलणं. तिचे शब्द लिहून काढायचे, सवयीचे शब्द आणि बोलीच्या खुणा तिच्या संमतीने सपाट करायच्या, आणि ते दुसऱ्याने वाचायचे. ब्रिटनमध्ये 1988 ते 1994 या काळात सरकारने शिन फेनसह काही संघटनांच्या प्रवक्त्यांचे आवाज प्रसारित करायला बंदी घातली होती. तेव्हा वृत्तवाहिन्यांनी अभिनेत्यांकडून त्यांचे शब्द वदवून घेतले. हेतू ओळख लपवण्याचा नव्हता, चेहरे तर पडद्यावर स्पष्ट दिसत होते. पण शब्द ठेवून आवाज पूर्ण काढून टाकता येतो, हे रोजच्या बातम्यांत दिसलं. यात उलटवायला आकडा उरत नाही, कारण मूळ लहरच प्रसारित होत नाही. तोटा असा की थरथर, हुंदका, संताप हे सारं हरवतं, आणि ऐकणाऱ्याला स्पष्ट सांगावं लागतं की हा आवाज दुसऱ्याचा आहे.

निवड कोणती करायची हे परिचारिकेला ऐकवूनच ठरतं. बदललेला तुकडा तिने ऐकावा, आणि तिला विश्वास आहे अशा घरातल्या एकाने, जो तिला रोज ऐकतो, त्यानेही. त्याला आधी काही सांगायचं नाही. तो लगेच ‘ही तर तूच’ म्हणाला, तर प्रसारणात हा आवाज जाऊ नये. तो ओळखू शकला नाही, तरी पत्रकाराने तिला सांगावं की अनोळखी प्रेक्षकापासून आडोसा मिळेल, वॉर्डमधल्यांपासून कदाचित नाही, आणि ज्याच्याकडे तिचा जुना आवाज व संगणक आहे त्याच्यापासून तर नाहीच. मूळ फाइल कुठे ठेवली जाईल, ती किती दिवसांनी पुसली जाईल आणि रेकॉर्डरमधल्या कार्डाचं काय होईल, हेही तिला मुलाखतीआधीच कळायला हवं.