विश्लेषण : बेअरिंग ‘किती वेळा बिघडते’ असा अर्थ नाही!

कंपन तपासणीच्या अहवालातील ‘बेअरिंग फॉल्ट फ्रिक्वेन्सी’चे मराठी ‘बेअरिंग बिघाडाची वारंवारता’ असे केले, की देखभाल अभियंत्याला वाटते, हे बेअरिंग सारखे बिघडते. अहवालाला म्हणायचे असते वेगळेच. रिंगवर खड्डा पडला, तर त्यावरून जाणारे बॉल सेकंदाला किती ठोके देतील, त्याचा तो आकडा.

हा आकडा येतो कुठून?

६२०५ क्रमांकाचे, नऊ बॉलचे बेअरिंग घ्या. मोटर मिनिटाला १४८० फेरे फिरते, म्हणजे सेकंदाला २४.७. शाफ्टच्या एका फेऱ्यात बॉल धरून ठेवणारा पिंजरा फक्त ०.४ फेरा पुढे सरकतो. त्यामुळे स्थिर असलेल्या बाहेरच्या रिंगवरील खड्ड्यावरून एका फेऱ्यात सुमारे ३.५८ बॉल जातात, तर फिरणाऱ्या आतल्या रिंगवरील खड्ड्यावरून ५.४२. बेरीज नऊ, म्हणजे आकडा तपासायची सोपी युक्ती. आता अहवालात BPFO ८८ हर्ट्झला शिखर दिसले, तर मराठीत सरळ लिहावे : ‘बाहेरच्या रिंगवर खड्ड्याची खूण, सेकंदाला सुमारे ८८ ठोके’. ‘रेस’चे ‘शर्यत’ करणारेही भेटतात, म्हणून ‘रिंग’ बरी.

यातला ‘सुमारे’ गाळू नये. बॉल थोडे घसरतात, त्यामुळे शिखर गणितापेक्षा एखाद-दोन टक्के बाजूला दिसते. ‘८८.४च’ असे लिहिले, तर ८७.६ पाहणारा ते सोडून देईल.

असंतुलन की अलाइनमेंट?

असंतुलनात रोटरच्या एका बाजूला वजन जास्त असते. फेऱ्यागणिक एक धक्का बसतो, म्हणून 1X, म्हणजे इथे २४.७ हर्ट्झला, आडवे-उभे कंपन वाढते. कपलिंगच्या दोन शाफ्टची रेषा जुळत नसेल तर बहुधा 2X आणि शाफ्टच्या लांबीच्या दिशेचे कंपन वाढते. गोम अशी, की अलाइनमेंट बिघडल्यावरही 1X वाढू शकते. ‘1X जास्त, म्हणजे असंतुलन’ असे भाषांतर झाले, की पंपाचा इम्पेलर काढून बॅलन्सिंगला जातो, आणि परत बसवल्यावर कंपन तसेच!

फरक फेजवरून कळतो. हा शब्द मात्र इलेक्ट्रिशियनच्या कानाला थ्री-फेज वाटतो, म्हणून ‘कंपनाची फेज’ असे पूर्ण लिहावे. ‘१८० अंश फरक’ याचे मराठी असे : ‘कपलिंगच्या एका बाजूचे बेअरिंग पुढे जाते, त्याच क्षणी दुसऱ्या बाजूचे मागे येते’. असे असेल, तर आधी अलाइनमेंट तपासा. पण सेन्सर दोन्हीकडे एकाच दिशेने लावला होता का, हेही त्याच ओळीत हवे. उलटा लावला, तर तोच १८० अंश दाखवतो.